फोन पडला आणि चार्जरच ओळखेना? "आयसी गेली" म्हणायच्या आधी या चुका टाळा

सांगलीत माझं छोटंसं रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि महिन्यात चार-पाच तरी फोन असे येतात की "दादा, हातातून पडला, काच फुटली नाही, डिस्प्ले एकदम ओके, पण आता कुठलाच चार्जर लावला तरी काही होत नाही." ना बॅटरीवर ती वीज दिसते, ना टुंग आवाज येतो. पुढचं वाक्य ठरलेलं, "एका दुकानात दाखवला, ते म्हणाले चार्जिंग आयसी गेली, आता होत नाही." चार्जिंग आयसी म्हणजे बोर्डावरची चार्जिंग सांभाळणारी चिप. यातल्या निम्म्याहून जास्त फोनची आयसी गेलेली नसते, आणि ज्याची खरंच गेलेली असते त्यातलेही बरेचसे होतात. होत नाहीत ते बहुतेक मधल्या उद्योगांमुळे होत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक: बॅटरी संपेपर्यंत चार्जर बदलत बसणं

फोन पडला तेव्हा बॅटरी ४० टक्के होती. मग घरातला चार्जर, शेजाऱ्याचा चार्जर, गाडीतला, पॉवर बँक, लॅपटॉप, असं करत करत दोन दिवस गेले, फोन सुरूच, वर रात्री व्हिडिओ पण बघितले, आणि तिसऱ्या दिवशी फोन बंद पडल्यावर आठवतं की बाळाचे फोटो फक्त याच्यातच आहेत. अहो, ते ४० टक्केच तुमच्या हातातली खरी पुंजी होती! चार्जर ओळखत नाही हे दोन वेगळ्या केबलनी कळलं की थांबा, वायफायवरून फोटो, कॉन्टॅक्ट, चॅट यांचा बॅकअप घ्या आणि फोन बंद करून ठेवा. नंतर बोर्डाचं काहीही होवो, तुमचा डेटा बाहेर आलेला असतो. आजकालच्या फोनमध्ये डेटा लॉक केलेला असतो आणि त्याची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते, त्यामुळे बोर्ड मेला तर मेमरी चिप काढून दुसरीकडे लावून फोटो मिळतील ही आशा सोडा.

बॅटरी संपलीच असेल तरी घाबरू नका, ती काढून बाहेरून चार्ज करता येते, आम्ही डीसी सप्लायवर करतो, आणि तेवढ्यावर फोन चालू करून बॅकअप निघतो. फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर ते आधी बघा. त्यावर चार्ज झाला तर बॅटरी आणि पुढची बरीचशी लाइन ठीक आहे, गडबड चार्जिंग जॅककडून येणाऱ्या रस्त्यात आहे, आणि बॅकअपची चिंताही मिटली.

एक मात्र, पडल्यावर मागचं झाकण जरा जरी उचललेलं दिसलं तर कुठलाच चार्जर लावू नका. बॅटरी दबलेली किंवा फुगलेली असू शकते.

"ओळखत नाही" आणि "चार्ज होत नाही" एकच समजणं

हे वेगळं करा, अर्धं निदान इथेच होतं. चार्जरचं चिन्ह येतंय पण टक्के वाढत नाहीत, किंवा तापमानाचा मेसेज येतोय, तर फोनला चार्जर कळलाय, तो मुद्दाम करंट घेत नाहीये. पडल्यावर बॅटरीचा कनेक्टर हलला तर त्यातली तापमान मोजायची बारीक पिन सुटते, मग फोनला वाटतं बॅटरी बर्फासारखी गार आहे आणि तो चार्जिंग अडवतो. कनेक्टर नीट बसवला की काम झालं.

काहीच चिन्ह येत नसेल तर टाइप-सीची एक गंमत लक्षात ठेवा. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली तर चार्जर आधी ५ व्होल्ट सोडतच नाही. पलीकडे फोन आहे की नाही हे चार्जर सीसी नावाच्या बारीक लाइनवरून ओळखतो, फोनमधल्या त्या लाइनवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टन्स दिसला की मगच सोडतो. जुनी, एका टोकाला चौकोनी यूएसबी-ए असलेली केबल मात्र सरळ ५ व्होल्ट देते. त्यामुळे जुन्या केबलवर चार्ज होतोय आणि नवीन सी-टू-सीवर नाही, तर आयसीला हात लावायचं कारणच नाही, सीसीची लाइन तुटलीय, बहुतेक जॅकमध्येच. आणि पिन उलटी करून लावल्यावर चालत असेल तर दोनपैकी एकाच बाजूची सीसी गेलीय. हे घरी दोन मिनिटात कळतं, पण लोक पाच चार्जर एकाच केबलनी ट्राय करून माझ्याकडे येतात.

सरळ हीट मारणं

आता माझा खरा राग. गेल्या वर्षी एक कॉलेजचा मुलगा आला, फोन स्कूटरवरून पडलेला. दुसऱ्या एका दुकानात आधी जॅक बदलला, चालला नाही, मग काही न मोजता "आयसी" म्हणून हॉट एअर लावली. फोन चालू झाला, पैसे घेतले, दोन दिवसांनी फोन पूर्ण बंद. मी बोर्ड बाहेर काढला तर प्रोसेसरच्या कडेने सोल्डरचे बारीक मणी बाहेर आलेले. मोठ्या चिपखाली कंपनी गोंद भरते, त्याला अंडरफिल म्हणतात. शेजारच्या आयसीवर बेफाम हीट मारली की हा गोंद फुगतो, आतलं सोल्डर वितळतं आणि त्याला जागा नसल्यामुळे बाजूने बाहेर पडून दोन टोकं जोडतं. प्रोसेसरखाली शॉर्ट, संपलं.

आणि मूळ फॉल्ट काय होता माहितीय? जॅक ज्या छोट्या बोर्डावर असतो त्या सबबोर्डकडून येणारी पट्टी मदरबोर्डवर ज्या कनेक्टरमध्ये बसते ना, त्याचे दोन पाय पडल्यामुळे सोल्डरमधून सुटले होते. मायक्रोस्कोपखाली सरळ दिसत होते. जॅकची लाइन बोर्डाला पोचतच नव्हती, मग नवीन जॅकनी काय होणार! हीट मारताना तेच सोल्डर जरा पसरून टेकलं, म्हणून दोन दिवस चालला, तोपर्यंत इकडे प्रोसेसरखाली गोंधळ होऊन बसलेला. पंधरा मिनिटांचं काम होतं, सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन पायांना लावायचं. त्याच्या वडिलांचे जुने फोटो होते त्यात. मी दोन दिवस झटलो, नाही निघाले.

म्हणून नवीन शिकणाऱ्या पोरांना सांगतो, हॉट एअर हातात घ्यायच्या आधी मल्टीमीटर घ्या. यूट्यूबवर बघून ३८० डिग्री लावायची घाई सोडा. हीट मारून चालू झालेला फोन दुरुस्त झालेला नसतो, क्रॅक फक्त तात्पुरता टेकलेला असतो.

मग आयसी खरंच गेलीय हे कसं ठरवायचं

माझी सवय सांगतो, पुस्तकी पद्धत नाही. गेल्या पावसाळ्यात एका शिक्षिका ताईंचा मीडियाटेक प्रोसेसरवाला फोन आला, जिन्यावरून पडलेला, ३८ टक्के असतानाच त्यांनी बंद करून आणला, शहाणपणा केला. यूएसबी टेस्टर लावला, जुन्या केबलवर ५.१ व्होल्ट, करंट ०.००. नवीन सबबोर्ड नुसता टेकवून बघितला, तेच. मग केबल लावून ठेवली आणि ५ व्होल्ट कुठपर्यंत येतात ते पाठलाग करत गेलो. मदरबोर्डच्या कनेक्टरवर ५ आले. पुढे ओव्हीपी असते, म्हणजे जास्त व्होल्टेज अडवणारी छोटी चिप, तिच्या पलीकडे पण ५ आले. चार्जिंग आयसीच्या तोंडाशी असलेल्या कपॅसिटरवर पण ५. म्हणजे वीज दारापर्यंत येतेय, आत घेतली जात नाहीये. मग केबल आणि बॅटरी दोन्ही काढून, मल्टीमीटरच्या डायोड मोडवर आयसीतून निघणाऱ्या लाइन बघितल्या, आणि प्रोसेसरशी बोलणाऱ्या दोन लाइनपैकी एक आयसीच्या पायाजवळ ओपन, म्हणजे तुटलेली निघाली. प्रोसेसर आयसीला विचारतोय चार्जर आहे का, आणि उत्तरच येत नाही, म्हणून स्क्रीनवर काहीच नाही.

कारण साधं आहे. आताचं सोल्डर शिशाशिवायचं, कडक असतं, फोन कोपऱ्यावर पडला की बोर्ड क्षणभर वाकतो आणि चिपच्या कोपऱ्यातले जोड आधी तडकतात. ताईंच्या फोनमधली आयसी ४ बाय ४ मिलिमीटरची, चारही कडांना पाय असलेली होती, तिच्या एका कडेला केसासारखी काळी रेघ दिसत होती. आजूबाजूच्या चिपवर हीट टेप लावली, फ्लक्स टाकून आयसी उचलली, खाली एक पॅड उखडलेलं निघालं, तिथे बारीक तारेचा जंपर ओढला, त्यावर मास्क लावून सुकवला, नवीन आयसी बसवली. टेस्टरवर १.४ अँपिअर. दोन तास लागले, १८०० रुपये घेतले, आणि फोन अजून चालतोय.

तर आयसी गेली तर होते का, याचं उत्तर ती कुठली आहे त्यावर आहे. अशी वेगळी, कडेला पाय असलेली चिप असेल तर होते, बिनधास्त करा. पायांऐवजी खाली गोळ्या असतील तर स्टेन्सिल आणि चांगला हात लागतो, पण होते. काही फोनमध्ये मात्र चार्जिंगचं काम मोठ्या पॉवर आयसीच्या पोटातच असतं, तिथे सगळी पॉवर आयसी बदलावी लागते, खर्च वाढतो आणि धोकाही, तिथे मी कस्टमरला आधी बॅकअप घ्यायला लावतो आणि मगच हात घालतो. बोर्ड मधूनच वाकून आतल्या थरातल्या लाइन तुटल्या असतील किंवा कोणी हीट मारून पॅड उडवले असतील, तर मी नाही म्हणतो.

ओव्हीपी बायपास करणं

बऱ्याचदा ओव्हीपीच्या अलीकडे ५ व्होल्ट असतात आणि पलीकडे शून्य. तेव्हा चार्जिंग आयसी नाही, ही छोटी चिप गेलीय. काही जण तिच्या जागी तार टाकून मोकळे होतात, फोन चार्ज होतो, कस्टमर खूश. पण एखादा खराब चार्जर लागला की जास्तीचं व्होल्टेज सरळ मोठ्या आयसीत जातं. चिप जुन्या बोर्डावरून काढून लावा, पण लावा. मी तार टाकून कधीच देत नाही.

बाकी थोडक्यात. जॅकमध्ये सुई घालू नका, मधली जीभ तुटते, लाकडी टूथपिकने हळू कचरा काढा, फोन बंद असताना. पडलेला फोन तांदळात ठेवून काही होत नाही. फॅक्टरी रीसेट तर अजिबात करू नका, तुटलेली लाइन सॉफ्टवेअरनी जुळत नाही आणि डेटा जातो तो जातोच.

दुकानात दिल्यावर एवढंच विचारा, "५ व्होल्ट कुठपर्यंत आले?" ज्याने मोजलंय तो लगेच सांगेल, कनेक्टरपर्यंत, ओव्हीपीपर्यंत, आयसीपर्यंत. उत्तर आलं नाही आणि हॉट एअरचं बटन दाबायला हात गेला, तर फोन परत घ्या.