नव्या शाखेचे पत्रक जुन्या ग्राहकांसाठी लिहिताना

घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका सेवा केंद्रात ग्राहक संपर्काच्या कामावर मी रुजू झालो, तेव्हा माझ्या वाट्याला आलेले पहिले स्वतंत्र लेखन म्हणजे दुसऱ्या शाखेच्या उद्घाटनाचे पत्रक. मजकूर मी मोठ्या हौसेने लिहिला होता. ‘आपल्या विश्वासाच्या बळावर आम्ही नव्या जागेत पदार्पण करीत आहोत’ असे त्याचे पहिले वाक्य होते आणि त्याखाली पत्ता, वेळ व सवलत अशा तीन ओळी होत्या. पत्रक गेल्यानंतर दोन दिवस दूरध्वनी खणखणत राहिला आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता: जुनी शाखा बंद होणार का? ज्यांची उपकरणे तेव्हा आमच्याकडे दुरुस्तीला होती, ते तर अधिकच धास्तावले होते. आपली वस्तू आता कोठून घ्यायची, जुन्या पावतीवरची हमी नव्या जागी चालेल का, याविषयी पत्रकात एक अक्षरही नव्हते.

नव्या माणसाची गफलत येथेच होते. अनोळखी माणसासाठी लिहिलेली जाहिरात आणि जुन्या ग्राहकाला दिलेली सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनोळखी माणूस ‘येथे काय मिळते’ असे विचारतो, तर जुना ग्राहक ‘माझ्या चालू व्यवहाराचे काय’ असे विचारतो. त्यातही माझ्या वाक्यातील ‘नव्या जागेत पदार्पण’ हे शब्द स्थलांतराचेच वाटत होते, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. तेव्हापासून पहिल्या दोन वाक्यांत मी एवढेच सांगतो: ‘आमची दुसरी शाखा 6 ऑक्टोबरला सुरू होत आहे. सध्याची शाखा सुरूच राहील.’ त्यानंतर, जमा केलेली उपकरणे जेथे दिली तेथूनच परत मिळतील आणि जुन्या पावतीवरील हमी दोन्ही शाखांत ग्राह्य धरली जाईल, हे स्पष्ट करतो. अर्थात हे लिहिण्याआधी तसे खरोखर ठरले आहे का, हे व्यवस्थापकांकडून लेखी घ्यावे. काही वेळा आपण विचारल्यानंतरच ते ठरते.

वरची दोन वाक्ये इतकी आखूड असण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. मोबाइलवरच्या साध्या संदेशात इंग्रजी मजकुराला 160 अक्षरांची जागा असते, पण देवनागरीत ती केवळ 70 वर येते आणि संदेश एकाहून अधिक भागांत गेला तर प्रत्येक भागात 67 जागा उरतात. मोजणीही डोळ्यांना दिसते तशी नसते, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त हे सर्व स्वतंत्र धरले जातात. त्यामुळे ‘शाखा’ हा दोन अक्षरी शब्द चार जागा घेतो आणि ‘स्थलांतर’ आठ. ती दोन वाक्ये मोकळ्या जागा आणि पूर्णविरामांसह बरोबर 67 भरतात. म्हणजे दोन भागांच्या संदेशात पहिला भाग त्यांनी व्यापतो आणि दुसऱ्यात पत्त्याची खूण, वेळ व सविस्तर पत्रकाचा दुवा यांची सोय होते. संदेशांचे शुल्क भागांवर आकारले जात असल्याने ‘सहर्ष कळविण्यात येते की’ हे शब्द किती महाग पडतात, ते हिशेब विभाग आपल्याला लवकरच कळवतो.

पत्त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, मात्र तो टेबलाशी बसून लिहू नये. भाडेकरारातील पत्ता कायद्याच्या दृष्टीने अचूक असला, तरी जड उपकरण हातात घेऊन येणाऱ्या माणसाला इमारतीचे कोणते दार उघडे असते, शाखा कितव्या मजल्यावर आहे, उद्वाहक आहे की नाही आणि गाडी कोठे उभी करता येते हे हवे असते. नकाशावरील खूण एकदा स्वतः चालत जाऊन तपासावी. आमची खूण इमारतीच्या मागच्या, कायम कुलूपबंद असलेल्या फाटकाशी पडली होती. पत्रकात दिलेला दूरध्वनी क्रमांक पत्रक पाठवण्यापूर्वी सुरू झाला आहे ना, हेही तो फिरवूनच पाहावे.

सर्वाधिक वेळ सवलतीच्या वाक्यावर खर्च करावा, कारण वाद तेथेच उभे राहतात. आमच्या पत्रकात ‘उद्घाटनानिमित्त 15 तारखेपर्यंत तपासणी शुल्क माफ’ असे होते. वाक्य सुटसुटीत दिसते, पण काउंटरवर त्याचे चार अर्थ निघाले. 15 तारीख धरायची की सोडायची? उपकरण जमा करण्याचा दिवस मोजायचा की परत नेण्याचा? सवलत जुन्या शाखेतही आहे का? आणि तपासणी माफ म्हणजे दुरुस्तीही माफ का? काउंटरवरच्या सहकाऱ्यांनी आपापल्या समजुतीने उत्तरे दिली आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत. ज्याला नकार मिळाला तो ग्राहक ज्याला होकार मिळाला त्याचे उदाहरण घेऊन परत आला, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते.

नंतर आम्ही ते वाक्य असे केले: ‘6 ते 15 ऑक्टोबर या काळात, दोन्ही दिवस धरून, नव्या शाखेत जमा केलेल्या उपकरणाचे तपासणी शुल्क आकारले जाणार नाही. दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा खर्च नेहमीप्रमाणे राहील. ही सवलत प्रत्येक ग्राहकास एका उपकरणासाठी आहे.’ वाक्य लांबले, पण प्रत्येक शब्दाने एकेक भांडण टाळले. ‘आजपासून’ किंवा ‘येत्या सोमवारी’ असे शब्द मी वापरत नाही, कारण संदेश चार दिवसांनी उघडणाऱ्याचा ‘आज’ वेगळा असतो. ‘अटी लागू’ या दोन शब्दांवरही माझा विश्वास नाही. अटी असतील तर त्या लिहाव्यात. आणि ज्याने नुकतेच, 4 तारखेला, जुन्या शाखेत शुल्क भरले आहे, त्याला काय सांगायचे हे पत्रकात नसले तरी काउंटरवर ठरलेले असावे, कारण नाराज होणारा पहिला माणूस तोच असतो.

वेळेबाबत एक बारकावा अनुभवाने कळला. ‘सकाळी 10 ते सायंकाळी 7’ असे छापल्यावर लोक पावणेसातला उपकरण घेऊन येत, परंतु नोंद, प्राथमिक पाहणी आणि पावती यांना पंधरा-वीस मिनिटे लागत असल्याने कर्मचारी साडेसहानंतर जमा करून घेण्यास नकार देत. ग्राहकाचे चुकत नव्हते आणि कर्मचाऱ्याचेही. म्हणून दार उघडे असण्याची वेळ आणि उपकरण स्वीकारण्याची शेवटची वेळ या दोन्ही छापाव्यात. उद्घाटनाच्या दिवशी समारंभामुळे काम साडेअकराला सुरू होणार असेल, तर ते वेगळ्या ओळीत यावे. दोन शाखांची साप्ताहिक सुटी निराळी असेल, तर दोन्ही सुट्या शेजारी-शेजारी द्याव्यात.

पाठवण्याआधी मी आता मसुदा काउंटरवरच्या एखाद्या सहकाऱ्याला देतो आणि त्याला वाटेल ते प्रश्न ग्राहक होऊन विचारायला सांगतो. ज्या प्रश्नाचे उत्तर मला तोंडी द्यावे लागते, ते मसुद्यात जाते. पत्रक साधारण आठवडाभर आधी आणि छोटी आठवण आदल्या दिवशी पाठवतो. ज्यांनी संदेश नकोत असे कळवले आहे, त्यांची नावे दोन्ही वेळा यादीतून वगळतो. सवलत संपल्यावर, म्हणजे 16 तारखेला दार उघडण्यापूर्वी, भिंतीवरच्या आणि पडद्यावरच्या मजकुरातून सवलतीची ओळ काढून टाकतो. पत्ता आणि वेळ तशीच राहते.