घातांक आणि लॉगरिदमची तोंडी प्रश्नमंजूषा: दहा प्रश्न कसे निवडावेत आणि कसे विचारावेत

यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या पट्ट्यात असलेल्या आमच्या गावी, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर गणित मंडळ भरते. बाजूच्या खेड्यांतील मुलांना दुपारची एसटी गाठायची असते, त्यामुळे हाती जेमतेम चाळीस मिनिटे असतात. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की उपस्थिती रोडावते, म्हणून ही प्रश्नमंजूषा पोळ्यानंतरच्या एखाद्या शनिवारी उरकून घ्यावी. आठवी ते अकरावीची मुले एकत्र बसवता येतात, मात्र परिमेय घातांक आठवीत येतात आणि लॉगरिदम अकरावीत, हे ध्यानात ठेवून आधीचे दोन शनिवार लॉगरिदमच्या ओळखीला द्यावेत. त्यासाठी एकच वाक्य पुरते: log₂ 32 म्हणजे 2 ला कितवा घात दिला असता 32 मिळतात, या प्रश्नाचे उत्तर.

पहिल्या वर्षी मी 2¹³ किती, 7⁴ किती असे प्रश्न काढले होते. ज्यांचा गुणाकार जलद होता ती मुले जिंकली आणि घातांकाचे नियम कोणाला कळले आहेत, याचा मला काहीच पत्ता लागला नाही. तेव्हापासून प्रत्येक प्रश्न दोन कसोट्यांवर घासून घेतो. नियम दिसला की उत्तर एका श्वासात यावे, ही पहिली कसोटी; आणि चुकलेले उत्तर पाहून नेमका कोणता नियम निसटला हे ओळखता यावे, ही दुसरी. दुसरी कसोटी मला अधिक मोलाची वाटते, कारण मंजूषेनंतरची पंचवीस मिनिटे चुकलेल्या उत्तरांवरच खर्च व्हायची असतात.

पहिली पायरी: तयारी

एकेक प्रश्न पुठ्ठ्याच्या कार्डावर दुरून दिसेल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहावा. वीज असेल-नसेल, कार्डाला त्याची फिकीर नाही. कार्ड आवश्यक आहे याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. ‘उणे दोनचा चौथा घात’ असे नुसते ऐकले तर (−2)⁴ म्हणजे 16, की −2⁴ म्हणजे −16, हे कानाला कळत नाही. असा प्रश्न घातांकाची नव्हे, कंस ऐकू येण्याची परीक्षा घेतो, म्हणून तो मी यादीतून काढूनच टाकला. लॉगरिदमच्या प्रत्येक कार्डावर पाया लिहावा आणि वाचतानाही उच्चारावा. नुसते ‘लॉग शंभर’ म्हटले तर पाया 10 गृहीत धरायचा की आणखी कोणता, यावर वाद होतो आणि तो वाद मुलांच्या बाजूने न्याय्य असतो.

उत्तर कोणत्या रूपात हवे तेही आधीच सांगावे. आमचा नियम असा की 2⁸ लिहिले तरी चालेल आणि 256 लिहिले तरी चालेल.

दुसरी पायरी: प्रश्न विचारणे

प्रत्येकाला दहा ओळींची एक चिठ्ठी द्यावी. कार्ड वर धरून प्रश्न दोनदा वाचावा, मग पहिल्या सात प्रश्नांना वीस सेकंद आणि शेवटच्या तिघांना चाळीस सेकंद द्यावेत. या वेळात पेन्सिल खाली असावी. ‘लिहा’ म्हटल्यावरच उत्तर लिहावे. असे केल्याने कोपऱ्यात कच्चे काम करण्याचा मोह टळतो आणि सगळे दहा प्रश्न दहा-बारा मिनिटांत आटोपतात.

तिसरी पायरी: दहा प्रश्न आणि उत्तरे

1. 2⁵ × 2³ किती? उत्तर: 2⁸. पाया सारखा असताना गुणाकारात घातांकांची बेरीज होते. 2¹⁵ आले तर घातांकांचा गुणाकार झाला, 4⁸ आले तर पायांचाही गुणाकार झाला.

2. 2²⁰ चे निम्मे किती? उत्तर: 2¹⁹. निम्मे करणे म्हणजे एका 2 ने भागणे. 2¹⁰ लिहिणाऱ्याने संख्येऐवजी घातांक निम्मा केलेला असतो.

3. 3⁷ + 3⁷ + 3⁷ किती? उत्तर: 3⁸.

या प्रश्नावर थांबावे, कारण दहांत सर्वांत जास्त चिठ्ठ्या इथे चुकतात. गेल्या खेपेला चौदांपैकी सहा चिठ्ठ्यांवर 3²¹ होते आणि दोहोंवर 9⁷. नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, “पण सर, पाया तर सारखाच हाय न जी, मंग घातांकाची बेरीज काऊन नाही?” तिचा प्रश्न रास्त होता. पहिल्या प्रश्नातला नियम तिने बरोबर पाठ केला होता, पण तो गुणाकाराचा नियम आहे हा भाग तिच्या पाठांतरातून गळला होता. मी तिला वेचणीनंतरचे अंगणातले कापसाचे ढीग आठवायला सांगितले. सारख्या वजनाचे तीन ढीग एकत्र केले की एका ढिगाची तिप्पट होते. ढीग किती मोठा आहे याच्याशी त्या तिपटीचा संबंध नाही. इथे एक ढीग 3⁷ एवढा आहे, तिप्पट म्हणजे 3 × 3⁷, आणि आता कुठे गुणाकार आला, म्हणून आता घातांकांची बेरीज: 1 + 7 = 8. ढीग तीन आहेत आणि पायाही 3 आहे, या जुळण्यामुळेच उत्तर इतके सुबक येते. हे तपासण्यासाठी लगेच 3⁷ + 3⁷ विचारावे. त्याचे उत्तर 2 × 3⁷ एवढेच राहते, आणि तेथे 3 चा पूर्णांक घात शोधू लागलेल्या मुलाला नियम अजून उमगलेला नाही असे समजावे.

4. 4 चा −1/2 वा घात किती? उत्तर: 1/2. ऋण घातांक संख्येला ऋण करत नाही, तिचा व्यस्त घेतो. −2 आले तर हाच गैरसमज आहे. 2 आले तर वर्गमूळ जमले, पण व्यस्त घ्यायचे राहिले.

5. 27 चा 2/3 वा घात किती? उत्तर: 9. आधी घनमूळ 3, मग त्याचा वर्ग. आधी वर्ग करून 729 चे घनमूळ शोधणारा चुकत नाही, पण वीस सेकंदांत पोहोचत नाही. 18 लिहिणाऱ्याने 27 ला 2/3 ने गुणले आहे.

6. 2³⁰ मोठा की 3²⁰? उत्तर: 3²⁰. दोघांचेही घातांक 10 च्या पटीत आहेत, म्हणून 2³⁰ म्हणजे (2³)¹⁰ = 8¹⁰ आणि 3²⁰ म्हणजे (3²)¹⁰ = 9¹⁰. मग तुलना फक्त 8 आणि 9 यांची उरते. अशा प्रश्नात नुसता अंदाजही अर्ध्या वेळा बरोबर ठरतो, म्हणून चिठ्ठीवर ‘8 आणि 9’ असे कारण लिहिले असेल तरच गुण द्यावा.

7. log₂ 32 किती? उत्तर: 5. 16 आले तर मुलाने 32 ला 2 ने भागले आहे. त्याला वरचे एक वाक्य पुन्हा म्हणायला लावावे.

8. log₁₀ 2 + log₁₀ 5 किती? उत्तर: 1. लॉगची बेरीज म्हणजे संख्यांचा गुणाकार, म्हणून log₁₀ 10. log₁₀ 7 हे नेहमीचे चुकीचे उत्तर आहे. जॉन नेपियर यांनी 1614 मध्ये लॉगरिदम मांडले आणि पुढे हेन्री ब्रिग्ज यांनी 10 पाया घेऊन कोष्टके तयार केली, ती मोठे गुणाकार बेरजेवर आणण्यासाठीच. हे सांगितल्यावर हा नियम मुलांना आपोआप आलेला न वाटता मुद्दाम घडवलेला वाटतो आणि लक्षात राहतो.

9. log₈ 4 किती? उत्तर: 2/3. 8 ला कितवा घात दिल्यास 4 येतील? 8 म्हणजे 2³ आणि 4 म्हणजे 2², म्हणून 3 ला ज्याने गुणल्यावर 2 येतात ती संख्या. 1/2 लिहिणाऱ्याला 4 हे 8 चे निम्मे दिसते. 3/2 लिहिणाऱ्याचे काम जवळपास झाले आहे, त्याने फक्त पाया आणि संख्या यांची अदलाबदल केली. त्याला ‘घात 1 हून लहान असेल की मोठा?’ एवढेच विचारावे. 8 चा पहिला घातच 8 आहे, 4 त्याहून लहान, तेव्हा घात 1 हून लहानच हवा, आणि तो स्वतःच सुधारतो.

10. log₁₀ 2 = 0.3010 दिले असता 2⁵⁰ मध्ये किती अंक असतील? उत्तर: 16.

50 × 0.3010 = 15.05. म्हणजे 2⁵⁰ ही संख्या 10¹⁵ हून थोडी मोठी आहे, आणि 10¹⁵ म्हणजे एकावर पंधरा शून्ये, अर्थात सोळा अंक. पंधरा लिहिणारी मुले शून्ये मोजतात आणि पुढचा 1 विसरतात. त्यांना 10² = 100 मध्ये अंक किती, एवढे विचारले की पुरे. ज्याला लॉग अजून रुळला नाही, त्याला दुसरी वाट दाखवावी: 2¹⁰ = 1024, म्हणजे हजाराहून किंचित जास्त, आणि 2⁵⁰ म्हणजे अशा पाच संख्या एकमेकींनी गुणलेल्या. उत्तर तेच येते. ज्याला खात्री हवी असेल त्याने घरी जाऊन मांडून पाहावे: 1125899906842624.

हा प्रश्न बदलून विचारायचा असल्यास एक काळजी घ्यावी. 0.3010 ही किंमत चार दशांश स्थळांपर्यंतचीच आहे, आणि गुणाकार पूर्णांकाच्या अगदी काठावर आला की ती फसवते. 2¹⁹⁶ घेतले तर 196 × 0.3010 = 58.996, म्हणजे 59 अंक असे वाटते, पण 0.30103 घेतल्यास 59.002 येतात आणि अंक खरोखर 60 आहेत. म्हणून ज्याचा गुणाकार पूर्णांकापासून निदान 0.03 दूर राहतो, असाच घात निवडावा.

चौथी पायरी: तपासणी

चिठ्ठ्या शेजाऱ्याशी बदलून तपासाव्यात. नंतर फळ्यावर प्रत्येक प्रश्नापुढे आलेली सगळी चुकीची उत्तरे, नावे न घेता, किती जणांची ते मांडून लिहावे. एकच चूक तिघांहून अधिकांनी केली असेल तर त्या नियमावर पुढच्या शनिवारी तीन-चार प्रश्न घ्यावेत. एकट्याची चूक त्याच्याशी बोलूनच मिटवावी.

गुण सारखे पडले तर राखीव कार्ड काढावे. आमच्याकडे ते लोणारचे असते. लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचा पीएच सुमारे 10 असतो आणि शुद्ध पाण्याचा 7. पीएच एकाने वाढला की हायड्रोजन आयनांची तीव्रता दहा पटींनी कमी होते, तर लोणारच्या पाण्यात ती शुद्ध पाण्यापेक्षा किती पटींनी कमी? उत्तर: 10³, म्हणजे 1000 पटींनी. 30 लिहिणारा दहाची तीनदा बेरीज करतो, आणि त्याला पुन्हा पहिल्या कार्डाकडे न्यावे लागते.