लेकरू रात्री किंचाळून उठतं तेव्हा काय करायचं

रात्री लेकरू किंचाळलं की आधी मोबाईलमध्ये टाइम पाहा, कारण अर्धी गोष्ट तिथंच कळते. नऊला झोपलं आणि साडेदहा-अकराला ताडकन उठून बसलं, डोळे उघडे, घामाघूम, आई समोर असून आईलाच ढकलून राहिलं, तर ते स्वप्न नाही. झोपल्यावर साधारण एक ते तीन तासांत गाढ झोपेतून लेकरू अर्धवट वर येतं, शरीर जागं होतं पण मेंदू झोपलेलाच असतो, डॉक्टर याला नाइट टेरर म्हणतात. आणि पहाटेकडे रडत उठलं, तुम्हाला ओळखून गळ्यात पडलं, "वाघ आला होता" असं सांगितलं, तर ते वाईट स्वप्न. दोन्हीत वागायचं वेगळं, म्हणून आधी टाइम.

नाइट टेरर असेल तर लेकराला हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, जबरदस्तीनं उठवून बसवू नका. उठवलं तर ते जास्तच गोंधळतं आणि प्रकरण लांबतं. बाजेवरून पडू नये, दाराकडे धावू नये एवढं पाहायचं, जवळ बसून हळू आवाजात "मी आहे बेटा" म्हणत राहायचं. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ते आपोआप आडवं होतं. खाली झोपवत असाल तर टॉर्चनं अंथरूण आणि हातपाय एकदा पाहून घ्या, आपल्या इकडे विंचू-मण्यारचं भ्या खरं आहे. मण्यार चावल्याची खूण कधीकधी दिसतही नाही, त्यामुळं लेकरू नंतर पोट दुखतं म्हणालं, उलटी झाली, पापण्या जड झाल्या तर थांबू नका, थेट दवाखान्यात न्या.

सकाळी लेकराला यातलं सहसा काहीच आठवत नाही. मग भीती कुठून येते, तर आपल्या बोलण्यातून. ओट्यावर चार बायांत "याला बाहेरचं लागलं, रात्री कसा करते पाहा" असं लेकरू ऐकते आणि संध्याकाळपासून अंथरुणालाच भ्यायला लागते. आजीला अंगारा लावायचाच असेल तर लावू द्या, तिचा जीव तुटतो लेकरासाठी, पण भूत, झपाटलं हे शब्द त्याच्यापुढे नको, आणि मांत्रिकाकडे तर नेऊच नका, तिथला धूर-आरडाओरडा मात्र लेकराला पक्का आठवतो.

आता कमी कसं करायचं ते एका घरावरून सांगतो. पाच वर्षांचा पोरगा, कापूस वेचणीचे दिवस, माय-बाप दिवसभर वावरात, शाळा लागल्यापासून दुपारची झोप बंद, आणि रात्री जेवण उशिरा म्हणून झोपायला दहा. लेकरू थकलं, झोप अपुरी राहिली की हे वाढतं, ताप असला किंवा लघवी तुंबली तरी होते. त्याच्या मायनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडाभर टाइम लिहिला, बहुतेक वेळा साडेअकराच्या आसपास यायचा. मग दोन कामं केली. पोराला आधी जेवू घालून, लघवीला नेऊन नऊलाच झोपवायला लागली, त्यामुळं किंचाळायचा टाइमही साडेदहावर सरकला. आणि रोज सव्वादहाला, म्हणजे पंधरा मिनिटं आधी, हळूच हात लावून त्याला थोडं जागं करायची, कुशी बदलून काही पुटपुटला की परत झोपू द्यायची. हे दोन ते चार आठवडे न चुकता करावं लागते, आणि टाइम ठरलेला असेल तरच जमते, रोज वेगळ्या वेळी होत असेल तर फक्त झोप वाढवा.

वाईट स्वप्नात मात्र लेकरू पूर्ण जागं असते आणि त्याला सगळं आठवते. "काही नाही, झोप गुमान" किंवा "भित्रा कुठला" म्हणलं की ते पुढच्या वेळी सांगणंच बंद करते, पण भीती तिथंच राहते. जवळ घ्या, म्हणा "लय भ्या वाटलं ना, ते स्वप्न होतं, मी इथंच आहे." कोठीत जाऊन काठीनं वाघ हुसकल्यासारखं करू नका, त्याला वाटते वाघ खरंच होता. दिवसा उजेडात वाघाचं चित्र काढायला लावा आणि विचारा आता पुढं काय व्हायला पाहिजे. कोणी वाघाला बैलगाडीला जुंपते, कोणी त्याला भाकर देते, शेवट लेकरानंच ठरवायचा, आणि झोपायच्या आधी तोच शेवट एकदा त्याच्याच तोंडून ऐकायचा.

डॉक्टरकडे कधी न्यायचं? एका रात्रीत अनेकदा होत असेल, अंग ताठ होऊन झटके येत असतील, दर वेळी हुबेहूब तीच हालचाल होत असेल, तर मिरगीची तपासणी लागते. रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर टॉन्सिल दाखवा, श्वास अडकल्यानंही झोप मोडते. घरात मयत, मारहाण किंवा अपघात पाहिल्यावर स्वप्नं सुरू झाली असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 नंबरवर बोला, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते. आणि डॉक्टरकडे जाताना रात्रीचा मोबाईलवरचा व्हिडिओ नक्की न्या, तुमच्या सांगण्यापेक्षा त्यांना त्यातून लवकर कळते.