नोटिशीतला ‘सुधारणेचा कालावधी’: नव्याने व्हेंडर सांभाळणाऱ्यांसाठी

हिंजवडीतल्या एखाद्या ऑफिसची लीज्ड लाइन धरा. भाडं जीएसटी सोडून महिना 80,000 रुपये, उपलब्धतेची हमी 99.5 टक्के. 30 दिवसांच्या महिन्यात 43,200 मिनिटं असतात, म्हणजे 216 मिनिटांपर्यंत लाइन बंद राहिली तर हमी मोडत नाही. उपलब्धता 99.5 च्या खाली घसरली की भाड्यातून कपात सुरू होते: 99 टक्क्यांपर्यंत 5 टक्के, 98 पर्यंत 10, त्याहून खाली 20. सहा महिन्यांत तीनदा हमी मोडली की लेखी नोटीस आणि सुधारणेला 30 दिवस, असं कलम आहे.

एप्रिलमध्ये लाइन 310 मिनिटं बंद होती, उपलब्धता 99.28 टक्के. मे 31 दिवसांचा, तिथे 290 मिनिटं, 99.35 टक्के. दोन्ही महिन्यांचे प्रत्येकी 4,000 रुपये सरळ निघतात. जूनमध्ये मॉनिटरिंगवर 930 मिनिटं दिसतात, म्हणजे 97.85 टक्के, आणि हात लगेच 20 टक्क्यांकडे जातो. तिथे थांबा. त्यातली 120 मिनिटं आधी कळवलेल्या देखभालीची होती आणि 45 मिनिटं आपलाच यूपीएस बंद होता. करारानुसार ही वजा होतात. उरली 765, उपलब्धता 98.23 टक्के, कपात 10 टक्के, म्हणजे 8,000. एकूण 16,000 रुपये. 24,000 लिहिलेत तर व्हेंडर ही एक चूक दाखवून सगळी नोटीसच शंकास्पद ठरवेल. जुन्या नोटिशीचा नमुना सीनियरकडून घेऊन आकडे बदलायची पद्धत मला अजिबात पटत नाही, कारण वजावटी प्रत्येक करारात वेगळ्या असतात.

वेळ कुठल्या घड्याळाने मोजायची तेही करारातच बघा. बहुतेक ठिकाणी तिकीट उघडल्यापासून मोजतात. लाइन 10:05 ला पडली आणि तिकीट 10:50 ला उघडलं, तर ती 45 मिनिटं गेलीच.

आता खरा सापळा. नोटिशीत नुसतं ‘30 दिवसांत सुधारणा करावी’ असं लिहिलं, तर उत्तर येतं: ‘28 जूनचा बिघाड त्याच दिवशी दूर केला आहे.’ आणि ते शब्दशः खरं असतं! बंद पडलेली लाइन चालू करणं म्हणजे दुरुस्ती. तुम्हाला हवं आहे ते वारंवार बंद पडण्याचं कारण काढून टाकणं, आणि तसं तुम्ही लिहिलं नाही तर ते कुणी गृहीत धरणार नाही. म्हणून सुधारणा म्हणजे काय, ते नोटिशीतच मोजता येईल असं लिहा. या उदाहरणात तिन्ही महिन्यांचं कारण एकच होतं, रस्ता खोदताना तुटणारी एकुलती एक फायबर. तेव्हा मागणी अशी:

‘नोटीस 10 जुलै रोजी मिळाली. 11 जुलै ते 9 ऑगस्ट या 30 दिवसांत (अ) दुसऱ्या रस्त्याने इमारतीत येणारी स्वतंत्र फायबर कार्यान्वित करावी व तिचा मार्ग केएमझेड फाइलमध्ये द्यावा. (आ) याच 30 दिवसांत एकूण बंद वेळ 216 मिनिटांपेक्षा जास्त नसावा. झालेल्या कपातीचा व करार संपवण्याचा आमचा हक्क राखून ही नोटीस देत आहोत.’

तारखा अशाच लिहा. व्हेंडरचा मासिक रिपोर्ट 1 ते 31 जुलैचा येतो, त्यात नोटिशीआधीचे 10 दिवस मिसळतात आणि निकालावर वाद होतो. आणि केएमझेड फाइल गूगल अर्थमध्ये उघडून शेवटचे 300 मीटर जवळून बघा. दोन्ही रेषा गेटजवळ एकाच डक्टमध्ये शिरत असतील तर दुसरी फायबर कागदावरच आहे. जेसीबी दोन्ही एकदम तोडेल.

‘दंड’ या शब्दाला घाबरू नका, पण करारातल्या टक्क्यांपलीकडे एक रुपयाही मागू नका. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी भरपाईच देतं. व्हेंडर उद्यमवर नोंदलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर आणखी जपा. सेवेबद्दलची लेखी हरकत 15 दिवसांत गेली पाहिजे, आणि वादाबाहेरची रक्कम अडवू नका. पैसे देण्याची 45 दिवसांची मर्यादा उलटली तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, तुमच्याच अंगावर येतं. यासाठी वकिलाआधी अकाउंट्समधल्या माणसाजवळ बसा. क्रेडिट नोट आणि जीएसटीचा मेळ तोच घालतो.

नोटीस करारात लिहिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. अकाउंट मॅनेजरला केलेला ईमेल कराराने मान्य केला असेल तरच नोटीस धरला जातो. पहिल्यांदा हे सगळं अवघड वाटतं, पण तीन महिन्यांचे लॉग आणि तिकीट क्रमांक जोडलेले असले की व्हेंडर आकड्यांवर फारसा भांडत नाही.

नोटीस गेली त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीकडून जागेची पाहणी मागवा. नवी फायबर टाकायला परवानग्यांसह कित्येक आठवडे लागतात. 10 ऑगस्टला करार संपवायची वेळ आली आणि पर्यायी लाइन नसली, तर तुम्हाला याच व्हेंडरला आणखी मुदत द्यावी लागेल.