फोटोतलं कापड मागावरचं की होजिअरी?

जळगाव-धुळ्याकडे गिऱ्हाईक मोबाइलवर कुर्तीचा फोटो दाखवून 'अशीच शिवा' म्हणतं, पण कापड कोणतं ते कळत नाही.

१. आधी कोपर आणि काख बघा. मागावरच्या कापडाला तिथे टोकदार, कोनासारख्या चुण्या पडतात. होजिअरीच्या घड्या गोलसर असतात आणि कापड अंगाला चिकटून बसतं.

२. छातीवरची छपाई आडवी ताणून फिकी दिसली, तर बहुधा होजिअरी.

३. मग फोटो मोठा करा. उभ्या रांगेत बारीक व्ही दिसले की बहुतेक होजिअरीच. आडव्या-उभ्या धाग्यांची चौकट किंवा तिरक्या रेघा दिसल्या तर मागावरचं.

रेयॉन मागावरचं असूनही मऊ पडतं आणि लायक्राची डेनिम ताणते, म्हणून नुसत्या झोळावर ठरवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबून लहान केला जातो, पोत पुसट होतो. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा.