उधारीची वही शीटमध्ये उतरवताना या चुका टाळा

आमचं किराणा दुकान दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आहे. 2024 च्या दसऱ्यानंतर मी बाबांच्या उधारीच्या तीन लाल वह्या गूगल शीट्समध्ये उतरवायला बसले. दिवाळीपर्यंत काम संपवायचं होतं. सोयाबीनचे पैसे गावात आले की लोक हिशेब करायला येतात आणि तेव्हा बाबांना दोन-दोन तास पानं उलटावी लागतात. त्यानंतर ओळखीच्या चार-पाच दुकानांच्या वह्याही मी उतरवून दिल्या. प्रत्येक ठिकाणी दुकानदाराच्या पोरानं किंवा पोरीनं आधीच काहीतरी सुरू केलेलं असतं, आणि प्रत्येक ठिकाणी चुका त्याच.

सगळ्यात महागात पडते ती "मागील बाकी". ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

वहीत एका गिऱ्हाइकाचं पान भरलं की बाबा खाली बेरीज मारतात, जमा वजा करतात आणि उरलेली रक्कम पुढच्या रिकाम्या पानावर "मागील बाकी" म्हणून पहिल्या ओळीत लिहितात. वहीसाठी ते बरोबरच आहे. पण ती ओळ म्हणजे नवी उधारी नव्हे, जुन्याच उधारीची बेरीज आहे. मी मात्र दिसेल ती ओळ टाईप करत सुटले होते.

आमच्याकडे एक मावशी आहेत, मजुरीला जातात. त्यांचं खातं पान 41 वर होतं. त्यात 120, 85 आणि 340 रुपयांची उधारी, म्हणजे 545. त्यातले 200 त्यांनी दिले होते, उरले 345. पुढे पान 58 वर पहिल्या ओळीत "मागील बाकी 345", खाली 60 आणि 210. खरी बाकी 615 रुपये. मी 345 ची ओळही उधार म्हणून भरली होती, त्यामुळे शीटनं 960 दाखवले.

दिवाळीच्या चार दिवस आधी मावशी आल्या. बाबा मालाला गेले होते, गल्ल्यावर मी होते. मी फोनमध्ये बघून 960 सांगितले. त्या थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या. "इतके झाले वं बाई?" एवढंच विचारलं. मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. त्यांना वाचता येत नाही. "मशीन सांगून राह्यली त बरोबरच असन," म्हणाल्या आणि लुगड्याच्या गाठीतून पैसे काढून मोजून दिले.

रात्री बाबांनी दिवसभराची जमा ऐकली आणि मला मध्येच थांबवलं. "तिचं खातं कवाच सातशेच्या वर गेलं नाही. पान दाखव." पान 58 उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे तू दोनदा धरलं." मग चप्पल घालून टॉर्च घेतला आणि 345 रुपये परत द्यायला तेव्हाच निघाले. सकाळी जाऊ म्हटलं तर म्हणाले, "रातभर तिले वाटत राहीन का दुकानवाल्यानं जास्त घेतले."

तेव्हापासून माझी एक सवय आहे. टाईप करायच्या आधी संपूर्ण वही पेन्सिल घेऊन चाळायची आणि प्रत्येक "मागील बाकी"ला गोल करायचा. गोल केलेली ओळ शीटमध्ये जात नाही. ज्या जुन्या वह्या सापडतच नाहीत त्यांच्यापासून आलेली पहिली बाकी तेवढी एकदाच भरायची, आणि शेऱ्यात "आरंभीची बाकी" असं स्पष्ट लिहायचं. चूक झाली आहे का हे ओळखणंही सोपं आहे. शीटची बाकी आणि वहीची बाकी यांतला फरक काढा. तो फरक वहीतल्या एखाद्या मागील बाकीएवढाच निघाला, जसा आमचा 960 वजा 615 म्हणजे नेमका 345 निघाला, तर दुसरीकडे शोधत बसू नका.

यावर घाईवाले लोक एक सोपा उपाय सांगतात: सगळ्या ओळी कशाला, प्रत्येकाची शेवटची बाकी तेवढी उचला. मला हे पटत नाही. महिन्याभरानं गिऱ्हाईक "हे कशाचे?" विचारतं तेव्हा शीटमध्ये उत्तर नसतं आणि पुन्हा वहीच काढावी लागते. वेळ खरंच नसेल तर निदान त्या माणसाला समोर बसवून पान वाचून दाखवा, तो हो म्हणाला तरच ती बाकी भरा.

शीटची रचना मी साधी ठेवते. "नोंदी" नावाच्या पानावर एका व्यवहाराला एक ओळ: A मध्ये तारीख, B मध्ये खाते क्रमांक, C मध्ये उधार, D मध्ये जमा, E मध्ये वहीचं पान, F मध्ये शेरा. दुसऱ्या पानावर खात्यांची यादी, तिच्या A मध्ये खाते क्रमांक. बाकी हातानं कधीच लिहायची नाही, ती यादीसमोर या सूत्रानं येते:

```
=SUMIF('नोंदी'!B:B,A2,'नोंदी'!C:C)-SUMIF('नोंदी'!B:B,A2,'नोंदी'!D:D)
```

वहीच्या पानाचा रकाना बहुतेक जण गाळतात. गाळू नका. मावशींचं पान मला लगेच सापडलं ते त्याच रकान्यामुळे.

आता नावं. विदर्भात शेगावच्या महाराजांच्या नावाचे गजानन एकेका गावात किती असतात ते सांगायला नको. बाबांच्या वहीत "गजानन", "गजा", "गजानन चक्की" आणि "चक्कीवाला" अशी चार नावं होती. मी चार खाती केली. माणसं निघाली दोन. नावावर सूत्र लावलं की एकाची उधारी तीन ठिकाणी विखुरते, आणि नुसत्या "गजानन"मध्ये दोघांची मिसळते. म्हणून नावाऐवजी खाते क्रमांक. मी 101 पासून सुरू केलं आणि यादीत प्रत्येकापुढे वहीत येणारी सगळी टोपणनावं आणि वस्ती लिहिली. हे काम एकट्यानं होत नाही. मी नाव वाचायचे, बाबा डोळे मिटून सांगायचे: "हा पुलाजवळचा. तो चक्कीचा भाऊ." दोन रात्री गेल्या. त्या वाचवायच्या फंदात पडू नका.

तारखांचा घोळ जास्त फसवा आहे, कारण तो दिसत नाही. मी 12/07/2024 टाईप केलं, म्हणजे 12 जुलै. शीटनं ते 7 डिसेंबर समजून घेतलं, कारण फाइलची मांडणी अमेरिकेची होती आणि तिथे महिना आधी लिहितात. 15/06/2024 मध्ये पंधरावा महिना नसल्यामुळे ती तारीखच राहिली नाही, नुसता मजकूर झाला. म्हणजे बाराव्या तारखेपर्यंतच्या नोंदी दुसऱ्याच महिन्यात गेल्या आणि त्यानंतरच्या नोंदी तारखेच्या चाळणीत येईनाशा झाल्या. एकूण बाकी मात्र बरोबर येत होती, म्हणून मला आठवडाभर कळलंच नाही. एका शेतकऱ्यानं विचारलं, "मृगापासून आतावर माह्यं किती झालं?" मी चाळणी लावली तर अर्ध्या ओळी गायब, आणि यादीत डिसेंबर. बाबा म्हणाले, "डिसेंबर त अजून लागलाच नाही ना बाप्पा."

ओळखायची खूण ही: रकान्याला हातानं डावं-उजवं केलेलं नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात दोन्ही दिसलं की थांबा. पहिली ओळ टाईप करण्याआधीच `File` मधून `Settings` मध्ये जाऊन `Locale` पुढे `India` निवडा. नंतर बदलून उपयोग कमी, कारण 7 डिसेंबर झालेली तारीख 7 डिसेंबरच राहते, फक्त लिहिण्याची पद्धत बदलते. अशा उलटलेल्या तारखांसाठी शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे चालतं:

```
=DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2))
```

पण हे फक्त जुन्या मांडणीत भरलेल्या आणि उजवीकडे चिकटलेल्या ओळींनाच लावा. मजकूर झालेल्या तारखा मी `Locale` बदलल्यावर पुन्हा टाईप केल्या. आता मी सरळ 2024-07-12 असं लिहिते. वर्ष पुढे असलं की गोंधळ होत नाही.

वहीत तारखेऐवजी "तान्हा पोळा" किंवा "पोळ्याचा बाजार" असं असेल तर त्या वर्षाचं कॅलेंडर काढूनच तारीख भरा. 2023 मध्ये अधिक श्रावण होता म्हणून पोळा 14 सप्टेंबरला आला, 2024 मध्ये 2 सप्टेंबरला. अंदाजानं भरलं तर बारा दिवसांचा फरक पडतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. रकमेत "120/-" लिहू नका. वहीतली ती सवय शीटमध्ये आली की ती रक्कम मजकूर होते आणि बेरीज तिला न सांगता सोडून देते. एकच रकाना निवडून त्याचीच क्रमवारी लावू नका, नाहीतर एकाची उधारी दुसऱ्याच्या नावासमोर जाते. असं झालंच तर `Version history` मधून कालची फाइल परत आणा. "पैसे आले" हे ओळीला हिरवा रंग देऊन दाखवू नका. सूत्राला रंग कळत नाही, जमाची वेगळी ओळ लिहा. आणि फाइलची लिंक सगळ्यांना उघडी ठेवून गावाच्या ग्रुपवर टाकायची तर अजिबात नाही. कोणाकडे किती थकलं आहे हे दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यातच राहिलं पाहिजे. याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

शीट झाली म्हणून वही रद्दीत घालणाऱ्यांवर मला राग येतो. वहीत काही पानांवर गिऱ्हाइकाची सही आहे, काहींवर अंगठा आहे. उधार दिलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत 1963 च्या मुदत कायद्यानं साधारण तीन वर्षं आहे. ती संपायच्या आत गिऱ्हाइकानं लेखी सही करून देणं कबूल केलं तर मुदत तिथून नव्यानं मोजतात. मी टाईप केलेल्या ओळीवर कोणाचीच सही नसते. बाबांनी कोणावर दावा केलेला नाही आणि करणारही नाहीत, पण तीनही वह्या मेणकापडात गुंडाळून वरच्या फळीवर आहेत.

शेवटची चूक म्हणजे न लागलेल्या ओळी पुसून टाकणं. आमच्या वहीत दोन नोंदी अशा निघाल्या की बाबांनाही आठवेना. एक "निळा सदरा, तेल, 70". दुसरी नुसती "बाजारात, 40". मी विचारलं, काढून टाकू का? बाबा म्हणाले, "राहू दे. त्याले आठवण असन." त्यांच्यासाठी 999 नंबरचं खातं केलं आहे. त्याची बाकी आजही 110 रुपये दाखवते.