मेलमधली मागणी वर कशी आणावी

शाळेत अर्ज लिहायला शिकवताना आधी हकीकत आणि शेवटी ‘तरी कृपया… ही नम्र विनंती’ असा क्रम आपल्या हातात बसवला. कागदी अर्ज साहेब अखेरपर्यंत वाचायचे. मेल लोक फोनवर उघडतात, पहिल्या दोन ओळींत ‘माहितीसाठी आहे’ असं वाटलं की बंद करतात. ‘मेल छोटा लिहा’, ‘विषयात अर्जंट टाका’ हे सल्ले सोडून द्या. पाच ओळींच्या मेलमध्येही शेवटची ओळ राहून जाते.

लेखा विभागातलं नेहमीचं उदाहरण घेऊ. पुरवठादाराच्या बिलावर आपला जीएसटी क्रमांक चुकलाय. मेल असा जातो: ‘ऑगस्टमध्ये आपल्याकडून माल मिळाला. बिलं तपासताना एका बिलात फरक आढळला. तरी वरील बाबतीत योग्य ती दुरुस्ती व्हावी.’ पंधरा दिवस उत्तर येत नाही.

आधी शेवटचं, मागणीचं वाक्य कापून नमस्काराखाली चिकटवा.

खरी अडचण इथून सुरू होते, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. वर आणलेलं वाक्य लंगडं असतं. ‘वरील बाबतीत’ म्हणजे कशाच्या? ‘योग्य ती’ म्हणजे कोणती? ते वाक्य खालच्या हकिकतीवर टेकून लिहिलेलं होतं, त्यामुळे नुसतं हलवून भागत नाही, नव्यानं लिहावं लागतं. ‘वरील’, ‘सदर’, ‘त्यानुसार’ हे शब्द काढा. ‘व्हावी’, ‘मिळावी’ही काढा, कारण त्यात करणारा कोणीच नसतो. मेल तिघांना जात असेल तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. म्हणून एकाचं नाव घ्या. मग वाक्य असं होतं:

‘नमस्कार पाटील साहेब, बिल क्र. 214 वरचा आमचा जीएसटी क्रमांक दुरुस्त करून नवं बिल 9 सप्टेंबरपर्यंत पाठवाल का?’

हे उद्धट वाटेल अशी भीती घालणाऱ्यांचं ऐकू नका. ‘साहेब’ आणि ‘पाठवाल का’ यात पुरेसा मान आहे. समोरचा अगदी अनोळखी असेल तरच आधी एका ओळीत स्वतःची ओळख द्या.

लगेच खाली तारखेचं कारण द्या, नाहीतर तारीख मनाची वाटते: ‘दरमहा रिटर्न भरत असाल तर तुमचं जीएसटीआर-1 11 तारखेपर्यंत जाईल. त्यात चुकीचा क्रमांक गेला तर 14 तारखेच्या आमच्या जीएसटीआर-2बीमध्ये हे बिल दिसणार नाही आणि क्रेडिट अडकेल.’ योग्य क्रमांक पुढच्या ओळीत स्वतंत्र लिहा, म्हणजे त्यांना तो कॉपी करता येईल.

माल कधी आला, फरक कसा सापडला, हे त्याखाली. बरंचसं गाळलं तरी चालतं.

विषय: ‘बिल 214: जीएसटी क्रमांक दुरुस्ती, 9 सप्टेंबरपर्यंत’.

दुसरी मागणी असेल, समजा थकीत क्रेडिट नोट, तर तिचा मेल वेगळा करा. एकत्र लिहिलं की सोप्या मागणीला उत्तर येतं आणि दुसरी तशीच राहते.

पाठवण्याआधी फक्त विषय आणि पहिलं वाक्य शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दाखवा. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ते त्याला सांगता आलं नाही, तर पहिलं वाक्य पुन्हा लिहा.